पिवळा सेल दिसला की आधी फोटो बघा
(दूध संकलनाची रजिस्टरं आमच्याकडे देणाऱ्या संस्थांच्या सचिवांसाठी)

तुमच्या रजिस्टरच्या पानांचे फोटो मशीनकडून वाचून घेऊन ती एक्सेलमध्ये करून पाठवली की दोन दिवसांत फोन येतो, "मशीन वाचतंय ना, मग हे पिवळे सेल आम्ही कशाला बघायचे?" महिनाअखेरीला दुसरा फोन येतो, "बेरीज जुळत नाही." दुसऱ्या फोनचं मूळ बहुतेक वेळा पहिल्या प्रश्नातच असतं, म्हणून हे पत्रक.

आपल्या रजिस्टरच्या एका पानावर २५ ओळी धरल्या आणि सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम असे सहा रकाने धरले, तर १५० सेल होतात. मशीन प्रत्येक सेल वाचतं आणि स्वतःला वाचनाची किती खात्री आहे याचे ० ते १ मधले गुण देतं. ०.९० च्या खाली गेलेला सेल आम्ही पिवळा करतो. पानावर बारा पिवळे असतील तर बाराच बघायचे, बाकी १३८ ना हात लावायचा नाही, फक्त पहिली आणि शेवटची ओळ वेगळी, ते खाली सांगतो. पिवळ्या सेलवर क्लिक केलं की शेजारी रजिस्टरच्या फोटोतला तेवढाच तुकडा उघडतो.

"तुमच्याकडे पिवळे जास्तच निघतात" अशीही तक्रार असते. निघतात, आणि ते आम्ही जाणूनबुजून करतो. समजा रक्कम १५३.९० आहे. चार आकडे ०.९९ खात्रीने वाचले आणि शाई पसरलेला एक आकडा ०.५५ ने. सरासरी काढली तर ०.९० येते आणि सेल बिनबोभाट पास होतो. आम्ही सरासरी धरत नाही, सर्वांत कच्च्या आकड्याचे गुण अख्ख्या सेलला देतो. रक्कम चुकायला एक आकडा पुरतो.

पण खात्रीचे गुण म्हणजे अक्षर किती स्पष्ट दिसलं एवढंच. वाचलेलं खरं आहे की नाही, ते त्यातून कळत नाही. एका पानावर लिटरच्या रकान्यात मराठी ४.५ लिहिलं होतं. मराठी चार आणि इंग्रजी आठ दिसायला सख्खे भाऊ, मशीनने ८.५ वाचलं, तेही ०.९७ खात्रीने. सेल पिवळा व्हायचं कारणच नव्हतं. म्हणून आम्ही वर हिशेबाची चाळणी लावतो. दर ३४.२० होता, म्हणजे रक्कम २९०.७० हवी, रजिस्टरात होती १५३.९०. गुणाकार बसला नाही की त्या ओळीतले लिटर, दर, रक्कम तिन्ही सेल पिवळे होतात, गुण कितीही चांगले असोत. फॅटच्या ४.१ मधला टिंब हरवून ४१ झालं, तर तेही असंच अडतं, कारण एवढं फॅट दुधाला लागत नाही.

आता खरी चूक कुठे होते ते सांगतो. तिन्ही सेल पिवळे दिसले की हुशार माणूस फोटो न उघडता हिशेब करतो. ८.५ गुणिले ३४.२० म्हणजे २९०.७०, मग रक्कम बदलून टाकतो. ओळ जुळते, पिवळा जातो, आणि सभासदाच्या नावावर १३६ रुपये ८० पैसे जादा चढतात. पानाची बेरीज तेवढ्याने फुगते आणि शेवटी ६० पानं पुन्हा उलटावी लागतात. फोटो उघडला असता तर दहा सेकंदांचं काम होतं.

कधी चूक रजिस्टरातच असते. संकलन करणाऱ्याने घाईत १५३.५० लिहिलं असेल, तर १५३.५० च ठेवा आणि शेजारच्या यादीतून 'कागदावर असंच' निवडा. दुरुस्ती करायची की नाही हे संस्थेने ठरवावं. आम्ही किंवा आमच्या मशीनने परस्पर ठरवू नये. "तुम्हीच का नीट करून देत नाही?" याचं उत्तरही हेच.

सभासद क्रमांकाला गुणाकार नसतो. तो आम्ही आपल्या सभासद यादीशी ताडतो, म्हणून यादी आधी मागतो. पण २१४ चं २१५ झालं आणि दोघेही सभासद असले, तर यादीलाही ते पकडता येत नाही. ओळ एकाने खाली सरकली तर सगळे गुण उत्तम आणि सगळी नावं चुकीची, असंही होतं. त्यासाठी प्रत्येक पानाची पहिली आणि शेवटची ओळ, पिवळी नसली तरी, फोटोशी एकदा लावून बघा.

नव्या संस्थेचं काम आलं की आम्ही पिवळे न झालेल्यांतले ३० सेल स्वतः फोटोशी ताडतो. एखादा चुकीचा निघाला तर त्या रकान्यापुरती ०.९० ची रेघ वर नेतो. त्यामुळे पहिल्या महिन्यात पिवळे जास्त दिसतील. संकलनाला लिहिणारा माणूस बदलला तरी कळवा, आम्ही पुन्हा ३० बघू. त्याचे पैसे लावत नाही.

आणि फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, आणि सगळ्यांत आधी जातात ते दशांशाचे टिंब. चांगला फोटो जमत नसेल तर रजिस्टर आणून द्या, स्कॅन आम्ही करून घेऊ आणि त्याच दिवशी परत देऊ.