बायो लिहायच्या आधीचं वाक्य

सोलापुरात नवी पेठेत माझं डीटीपीचं दुकान आहे. आधी व्हिजिटिंग कार्ड आणि हँडबिलं करायचो, आता त्यांच्या जोडीला लोक फोन पुढे करतात आणि म्हणतात, "इन्स्टाचा बायो लिहून द्या की ओ." मी लिहून द्यायचो. दोन महिन्यांनी तोच माणूस गुगलवरच्या माहितीसाठी परत यायचा, मग कुठल्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेसाठी, आणि मी दरवेळी नव्याने सुरुवात करायचो. माझी चूक लक्षात यायला वेळ लागला: मी बायो लिहीत होतो, पण ज्याच्यातून बायो निघतो ते मूळ वाक्य कुणाकडेच नव्हतं.

दोन्ही गोष्टी दिसायला सारख्याच. दोन्हींत आपण कोण, काय करतो हेच असतं. पण मूळ वाक्य आपल्यासाठी असतं. ते कुठे छापायचं नसतं, त्याला अक्षरांची मर्यादा नसते, ते लांबलचक आणि थोडं ओबडधोबड असलं तरी चालतं. आपण कोणाच्या कोणत्या अडचणीत उपयोगी पडतो आणि नेमकं काय करून, एवढं त्यात खरं असलं पाहिजे. बायो वाचणाऱ्यासाठी असतो. तो एका ठरावीक जागी बसतो, त्या जागेचे नियम पाळतो आणि शेवटी पत्ता किंवा पुढचं पाऊल सांगतो. टॅगलाइन ही तिसरीच वस्तू. ती कानात राहावी म्हणून असते, माहितीसाठी नाही, म्हणून ती बाजूला ठेवू.

अशोक चौकाच्या बाजूला गणवेश शिवणाऱ्या एक ताई माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्या तीन ठिकाणी तीन ओळखी होत्या. इन्स्टाग्रामवर 'दर्जा आणि विश्वास'. व्हॉट्सअॅपवर 'मेहनतीला पर्याय नाही'. गुगलवर 'सर्व प्रकारचे गणवेश, टी-शर्ट, ट्रॅकसूट, ब्लेझर, एप्रन होलसेल व रिटेल'. तिन्ही वाचून एखाद्या मुख्याध्यापकांना ही एकच बाई आहे हे कळलं नसतं. सोलापुरात गणवेश शिवणारे गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे 'सर्व प्रकारचे' म्हणणं म्हणजे काहीच न सांगणं.

मी त्यांना बायोचं काही विचारलं नाही. ऑर्डरची वही मागितली. गेल्या हंगामातल्या अकरा ऑर्डरींपैकी आठ लहान शाळांच्या होत्या, शंभर-दीडशे मुलांच्या. दोन वसतिगृहं आणि एका हॉस्पिटलचे एप्रन. मूळ वाक्य असंच सापडतं. आपल्याला काय व्हायचं आहे यातून ते येत नाही, पैसे देऊन कोण परत आलं यातून येतं.

पहिलं वाक्य त्यांनी स्वतः सांगितलं: "शाळांना दर्जेदार गणवेश वाजवी दरात देते." मी म्हटलं, ताई, हे शेजारच्या दुकानाच्या पाटीवर चिकटवलं तर खोटं ठरेल का? नाही ठरणार. मग ते तुमचं नाही. हीच माझी एकमेव खरी कसोटी. वाक्य दुसऱ्याच्या दारावर जसंच्या तसं शोभत असेल, तर त्यात 'कोणाला' धूसर आहे किंवा 'कसं' गायब आहे. बहुतेकदा 'कसं' गायब असतं, कारण रोजचं काम आपल्याला सांगण्यासारखं वाटतच नाही.

म्हणून मी विचारलं, त्या आठ शाळा मोठ्या कारखान्याकडे का गेल्या नाहीत? मग खरं बाहेर आलं. एवढी छोटी ऑर्डर मोठी माणसं हातात घेत नाहीत. या ताई नमुन्याचे शर्ट पिशवीत घालून शाळेत जातात, हजेरीपटाप्रमाणे एकेका मुलाला शर्ट घालून बघतात आणि नावापुढे नंबर लिहितात. पँटच्या खालच्या दुमडीत दोन इंच कापड राखतात, म्हणजे पोरगं वाढलं की उसवून लांबी सोडता येते. डिसेंबरात एखादं मूल नवीन आलं तर त्याचा एक जोडही शिवून देतात. हे सगळं त्यांनी असं सांगितलं, जणू ते सगळेच करतात.

वहीच्या पहिल्या पानावर आम्ही लिहिलं: 'ज्या लहान शाळांची शंभर-दीडशे गणवेशांची ऑर्डर मोठे कारखाने घेत नाहीत, त्यांच्याकडे जाऊन मी प्रत्येक मुलाला नमुन्याचा शर्ट घालून माप घेते, जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी गणवेश पोचवते आणि वर्षात कधीही एक सुटा जोडसुद्धा शिवून देते.'

हे वाक्य तसंच इन्स्टाग्रामवर टाकायचा मोह होतो. तिथेच दोन गोष्टींची गल्लत होते. बायोला तिथे १५० अक्षरांची मर्यादा आहे, आणि मराठीत ती वाटते त्यापेक्षा लवकर भरते, कारण काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'सोलापूर' डोळ्यांना चार अक्षरांचं, फोनच्या हिशोबात सात. आम्ही असं बसवलं:

शंभर-दीडशे मुलांच्या शाळांसाठी गणवेश
शाळेत येऊन प्रत्येक मुलाचं माप
वर्षात कधीही एक सुटा जोडही
अशोक चौक, सोलापूर

हे ११२ भरतं. मोठे कारखाने गेले, जून गेला, कारण शाळावाल्यांना ते न सांगता कळतं. 'कोणाला' आणि 'कसं' मात्र राहिलं. जागा कमी पडली की लोक नेमकं उलट करतात: 'दर्जा' ठेवतात आणि 'लहान शाळा' कापतात. नावाच्या रकान्यात 'शाळेचे गणवेश सोलापूर' टाकलं, कारण शोधताना ते नाव धरलं जातं. ते नीट विचार करून टाकावं लागतं, १४ दिवसांत दोनदाच बदलता येतं.

गुगलवर दुकानाच्या वर्णनाला ७५० अक्षरं मिळतात. तिथे हजेरीपट, दुमडीतलं कापड, सुटा जोड हे सगळं दोन-दोन वाक्यांत मोकळं करता आलं. सवलतीची जाहिरात आणि वेबसाइटचा पत्ता मात्र त्या वर्णनात चालत नाही, म्हणून 'जूनपर्यंत दहा टक्के सूट' ही त्यांची आवडती ओळ वगळावी लागली. प्रदर्शनाच्या पुस्तिकेसाठी तेच वाक्य 'त्या' लावून लिहिलं आणि किती वर्षं हे काम करतात ते जोडलं. व्हॉट्सअॅपवर फक्त पहिली ओळ.

"म्हणजे तागा एकच, कापायचं ज्याच्या त्याच्या मापानं," ताई म्हणाल्या. मग थांबून, "पण दादा, हॉस्पिटलचे एप्रन सोडून देऊ की काय?"

हा प्रश्न सगळेच विचारतात आणि त्यामागची भीती खरी असते. ती ऑर्डर त्यांच्या नणंदेच्या ओळखीतून येते, बायो वाचून नाही. बायो अनोळखी माणसासाठी असतो. ओळखीतलं काम त्यात नसल्यानं कमी होत नाही. गुगलच्या वर्णनात शेवटी एक ओळ एप्रनची टाकली, तिथे जागा होती. पण एप्रनच्या ऑर्डरी शाळांइतक्या झाल्या असत्या, तर एका वाक्यात दोन्ही कोंबून भागलं नसतं. तिथे दोन मूळ वाक्यं आणि बहुधा दोन खाती लागतात.

मूळ वाक्याच्या मागच्या पानावर ते कुठे कुठे उतरवलंय याची यादी करून ठेवली: इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅप, गुगल, कार्ड, पुस्तिका. यंदा मार्चमध्ये त्यांनी एक शिलाई मशीन वाढवलं, आता त्या तीनशे मुलांपर्यंतच्या शाळा घेतात. वहीतला आकडा खोडून नवा लिहिला आणि यादीतल्या चार ठिकाणी तो बदलून माझ्याकडे आल्या, फक्त कार्ड नव्यानं छापायला.