एक्सपोर्ट ऑर्डरचा धरलेला रेट आणि पेमेंटला पडणारा फरक

परदेशातल्या पार्टीची ऑर्डर डॉलर, युरो किंवा पौंडात घ्यायची, त्या दिवसाचा रुपयातला रेट ऑर्डरवरच लिहून धरून ठेवायचा आणि पैसे बँकेत आले की त्या दिवसाच्या रेटमुळे जो फरक पडतो तो विक्रीत न मिसळता फॉरेक्स नफा-तोटा नावाच्या वेगळ्या खात्यात टाकायचा, अशी ही हिशोबाची पद्धत आहे. धारावीतले लेदरवाले असोत नाहीतर सीप्झमधले दागिनेवाले, एकाच वेळी दोन-तीन चलनांत माल पाठवणाऱ्या प्रत्येकाला हे करावंच लागतं, कारण खर्च सगळा रुपयात होतो आणि येणं मात्र परकीय चलनात असतं.

एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी कारण इथे भलेभले गडबडतात. ऑर्डरवर रेट लिहिला म्हणजे रेट लॉक झाला असं नाही. पार्टी युरोच देणार आहे आणि ते युरो ज्या दिवशी येतील त्या दिवशी बँक जो रेट देईल तेवढेच रुपये मिळणार. खरोखर रेट बांधून घ्यायचा असेल तर बँकेकडे फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या तारखेचा रेट आजच ठरवणारा करार, बुक करावा लागतो. ऑर्डरवरचा रेट ही फक्त आपली मोजपट्टी, म्हणजे भाव काढताना आपण काय गृहीत धरलं होतं त्याची नोंद. ती हलवायची नाही एवढाच नियम.

आता एक उदाहरण, रेट समजण्यापुरते धरलेत. धारावीतल्या एका वर्कशॉपने जर्मनीच्या बायरची ४०० बॅगांची ऑर्डर १० जानेवारीला घेतली, बॅग २५ युरोला, एकूण १०,००० युरो. त्या दिवशी युरो ९१ रुपये, म्हणून ऑर्डरची किंमत ९,१०,००० रुपये. चामडं, मजुरी, पॅकिंग, भाडं सगळं धरून खर्च ८,००,०००, म्हणजे बॅगांवर १,१०,००० सुटायला हवेत. ऑर्डर घेतली तेव्हा खातेवहीत काहीच एंट्री होत नाही, कारण माल गेलेला नाही. २० फेब्रुवारीला माल न्हावा शेवाला गेला, इनव्हॉइस झालं, आणि या पद्धतीत ऑर्डरचाच ९१ चा रेट पुढे नेऊन बायरच्या नावे ९,१०,००० आणि विक्री ९,१०,००० जमा.

पैसे आले २५ एप्रिलला. बँकेने रेट दिला ९२.१० पण वाटेतल्या परदेशी बँकेने २० युरो चार्ज कापला आणि ९,९८० युरोच पोचले. खात्यात जमा झाले ९,१९,१५८ रुपये. आता घाईत असलेला माणूस यातून ९,१०,००० वजा करतो आणि ९,१५८ फॉरेक्स नफा लिहून मोकळा होतो, आणि चूक नेमकी इथेच होते. आधी पूर्ण १०,००० युरो ९२.१० ने मोजायचे, ते होतात ९,२१,०००. म्हणजे रेटमुळे झालेला नफा ११,००० आणि कापलेले २० युरो म्हणजे १,८४२ रुपये हा बँक चार्ज, तो वेगळ्या खात्यात. दोन्ही एकत्र केले की काही ऑर्डरींनंतर कळतच नाही की पैसे रुपयाच्या चढउतारात जातायत की बँकांच्या कापाकापीत, आणि या दोन्हीवरचे उपाय तर वेगवेगळे आहेत. चार्ज कोणी भरायचा ते बायरशी बोलून ठरवता येतं, रुपयाचं तसं नाही.

हा फरक वेगळा ठेवण्याचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण म्हणजे पुढचा भाव. ११,००० विक्रीतच मिसळले तर बॅगांवर १,२१,००० सुटले असं दिसतं, मालक खूश होऊन पुढच्या ऑर्डरला भाव थोडा सोडतो आणि तेव्हा युरो उतरलेला असला की हात पोळतात. बॅगेने १,१०,००० दिले आणि रुपयाने ११,०००, हे दोन आकडे वेगळेच दिसले पाहिजेत.

आता पद्धतीची मर्यादा. भारतातलं अकाउंटिंग स्टँडर्ड ११ (मोठ्या कंपन्यांना इंड एएस २१) सांगतं की परकीय चलनातला व्यवहार पहिल्यांदा लिहिताना व्यवहाराच्या तारखेचा रेट घ्यायचा. विक्रीसाठी ती तारीख ऑर्डरची नसते. आठवड्याचा किंवा महिन्याचा सरासरी रेट चालतो, पण रेट फार हलला नसेल तरच. म्हणजे ऑर्डर आणि इनव्हॉइसमध्ये चार दिवसांचं अंतर असेल तर ऑर्डरचा रेट बहुतेक निभावून जातो, पण वर आहे तसं चाळीस दिवसांचं असेल तर ऑडिटर बोट ठेवणारच. समजा २० फेब्रुवारीला युरो ९०.२० होता. मग पुस्तकात विक्री ९,०२,००० ची लागते, आणि ऑर्डरपासूनचे ८,००० कमी झाले ते फॉरेक्स तोटा म्हणून कुठेच दिसत नाहीत, ते विक्री कमी होऊन गुपचूप जातात. म्हणून ऑर्डरचा रेट सिस्टीममध्ये वेगळ्या रकान्यात जपायचा, इनव्हॉइसला त्या दिवसाचा घ्यायचा आणि हे ८,००० आपल्या आतल्या रिपोर्टमध्ये दाखवायचे.

त्यात मध्ये ३१ मार्च आला. पैसे यायचे बाकी आहेत तर ते येणं त्या दिवसाच्या रेटने पुन्हा मोजावं लागतं. रेट ८९.६० असेल तर येणं ८,९६,०००, म्हणून ६,००० तोटा जुन्या वर्षात, आणि एप्रिलमध्ये ९,२१,००० ची वसुली झाली की नव्या वर्षात २५,००० नफा. सगळं जोडलं तर ८,००० आणि ६,००० उणे, २५,००० अधिक, राहतात तेच ११,०००. बेरीज जुळली म्हणजे मधलं काही सुटलं नाही. वर्षअखेरीच्या रेटसाठी बरेच जण एफबीआयएलचा रेफरन्स रेट घेतात, जुलै २०१८ पासून तो रिझर्व्ह बँकेऐवजी हीच मुंबईतली संस्था काढते.

कस्टमचा रेट हा अजून तिसराच. शिपिंग बिलावर केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळाने, म्हणजे सीबीआयसीने, कस्टम्स कायद्याच्या कलम १४ खाली जाहीर केलेला रेट लागतो आणि मालाच्या जीएसटीलाही नियम ३४ प्रमाणे तोच. त्यामुळे रिटर्नमधली एक्सपोर्टची रक्कम आणि पुस्तकातली विक्री जुळत नाही, ती ओढूनताणून जुळवू नये, फरकाचा एक तक्ता ठेवावा. जपानी येनला जास्त जपायचं, त्या यादीत येनचा रेट १०० येनला असतो आणि तो आकडा तसाच एका येनला टाकला की बिल शंभरपट होतं.

ॲडव्हान्स आला असेल, समजा ३,००० युरो, तर तेवढ्या भागाचा रेट तो आला त्याच दिवशी पक्का होतो आणि पुढे त्यावर नफा-तोटा निघत नाही. फरक फक्त उरलेल्या ७,००० युरोवर काढायचा. पेमेंट तुकड्यांत येत असेल तर प्रत्येक तुकडा कुठल्या इनव्हॉइसचा ते बिलवार लावायचं, कारण दोन इनव्हॉइसचे रेट वेगळे असतात.

चूक राहिली का ते बघायची सोपी खूण आहे. बायरचं खातं उघडायचं, युरोत बाकी शून्य आणि रुपयात मात्र काहीतरी उरलंय असं दिसलं तर नफा-तोट्याची एंट्री राहिली आहे. उलट रुपयात शून्य पण युरोत २० बाकी दिसत असतील, तर बँकेने कापलेला चार्ज कोणीतरी रेटच्या फरकात ढकलून दिलाय.