पन्नास हजार व्होल्ट आणि एक लाख पट

बारावीच्या फिजिक्समध्ये एक गणित वर्षानुवर्षं विचारलं जातं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ५० किलोव्होल्टने त्वरित केलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी काढा, आणि बाकी गोष्टी सारख्याच धरल्या तर या सूक्ष्मदर्शकाची विभेदनक्षमता, म्हणजे जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवण्याची क्षमता, पिवळ्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाच्या किती पट ते सांगा. उत्तर येतं साधारण एक लाख पट. सोलापुरात मी हे गणित शिकवतो. गेल्या पावसाळ्यात एका मुलीने विचारलं, "सर, लाख पट असेल तर अणूच्या आतलंही दिसायला हवं ना?" तिचे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम करतात. तिने घरून टॉवेलचा एक दोरा आणला होता आणि आम्ही त्यातला एक तंतू कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. पिळलेल्या चपट्या फितीसारखा तो दिसला, जाडी १५-२० मायक्रॉनच्या आसपास. तो तंतू सेल्युलोजच्या फक्त काही नॅनोमीटर जाडीच्या धाग्यांचा बनलेला असतो. ते मात्र कितीही भिंगं बदलली तरी दिसले नाहीत, आणि दिसणारही नव्हते.

का दिसणार नव्हते, हे १८७३ मध्ये एर्न्स्ट आबे यांनी सांगून ठेवलं होतं. जर्मनीतल्या येना इथे सूक्ष्मदर्शकांची भिंगं सुधारताना त्यांच्या लक्षात आलं की अडचण काचेत नाही, प्रकाशातच आहे. दोन बिंदू वेगळे दिसायचे असतील तर त्यांच्यात किमान किती अंतर हवं, ते आज आपण असं लिहितो:

```
d = 0.61 λ / NA
```

NA म्हणजे न्यूमरिकल ॲपर्चर, नमुन्यातून पसरणाऱ्या किरणांचा किती रुंद शंकू भिंग गोळा करतं त्याचं माप. तेलात बुडवलेल्या उत्तम भिंगासाठी ते १.४ पर्यंत जातं. पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी ५९० नॅनोमीटर धरली तर d सुमारे २६० नॅनोमीटर येतो. त्याहून जवळचे दोन बिंदू एकच ठिपका होऊन दिसतात. मग चित्र कितीही मोठं केलं तरी तो ठिपकाच मोठा होतो.

पुढची पायरी १९२४ ची. लुई द ब्रॉय यांनी आपल्या प्रबंधात मांडलं की इलेक्ट्रॉनसारख्या कणालाही तरंगलांबी असते, प्लँकचा स्थिरांक भागिले संवेग. १९२७ मध्ये डेव्हिसन आणि जर्मर यांनी निकेलच्या स्फटिकावर ५४ व्होल्टचे इलेक्ट्रॉन सोडून ती मोजूनही दाखवली. V व्होल्टने त्वरित केलेल्या इलेक्ट्रॉनसाठी सूत्र सोपं होतं:

```
λ = h / √(2meV) = 1.227 / √V  nm
```

५०,००० चं वर्गमूळ २२३.६, म्हणून λ आली ०.००५५ नॅनोमीटर. इथे मुलं एक चूक हमखास करतात. ऊर्जा ५० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट आहे म्हणून फोटॉनचं सूत्र, १२४० भागिले ऊर्जा, लावतात आणि ०.०२५ लिहून मोकळी होतात. उत्तर साडेचार पट मोठं आलं की समजावं, इलेक्ट्रॉनला प्रकाश मानलंय. सापेक्षतेची दुरुस्ती ५० किलोव्होल्टला जेमतेम दोन टक्क्यांची असते, ती सोडली तरी चालते. २०० किलोव्होल्टला ती नऊ टक्क्यांवर जाते, तिथे सोडून चालत नाही.

या इतिहासातला मला सगळ्यात आवडणारा भाग असा की पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक द्रव्यतरंगांचा विचार करून बनलाच नाही. हान्स बुश यांनी १९२६ मध्ये दाखवलं होतं की तारेच्या वेटोळ्याचं चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनच्या शलाकेला भिंगासारखं एकत्र आणतं. बर्लिनमध्ये माक्स क्नोल आणि त्यांचा तरुण विद्यार्थी एर्न्स्ट रुस्का यांनी १९३१ मध्ये अशी दोन वेटोळी एकामागे एक ठेवून प्रतिमा मोठी केली, फक्त १७ पटीच्या आसपास. द ब्रॉय यांचं काम तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं. इलेक्ट्रॉन म्हणजे कण, कणाला कुठली तरंगलांबी, मग मर्यादाही नाही, असा त्यांचा समज होता. इथेही तरंगलांबी आडवी येणार हे कळल्यावर आपण फार निराश झालो, असं रुस्का यांनीच १९८६ च्या नोबेल भाषणात सांगितलं आहे. मग त्यांनी गणित केलं, आणि ही तरंगलांबी प्रकाशाच्या तुलनेत एक लाखाव्या भागाइतकी निघाल्यावर त्यांना धीर आला. आपली मुलं वहीत करतात तेच हे गणित.

पण रुस्का लाख पटीवर थांबले नाहीत. १९३२ मध्ये क्नोल आणि त्यांनी ७५ किलोव्होल्टसाठी मर्यादा काढली ती ०.२२ नॅनोमीटर, कारण शलाकेचा कोन त्यांनी फक्त ०.०२ रेडियन धरला. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर या कोनात आहे. परीक्षेतलं गणित म्हणतं 'बाकी गोष्टी सारख्याच', म्हणजे NA दोन्हीकडे १.४. चुंबकीय भिंगाला एवढा रुंद शंकू घेता येत नाही, तिथे कोन ०.०१ रेडियनच्या घरात ठेवावा लागतो. तो घालून बघा: ०.६१ गुणिले ०.००५५ भागिले ०.०१, उत्तर साधारण ०.३३ नॅनोमीटर. २६० ला ०.३३ ने भागलं की सुमारे ८०० पट. लाखातले उरले आठशे.

कोन का वाढवता येत नाही? गोलीय विपथनामुळे. भिंगाच्या कडेने जाणारे इलेक्ट्रॉन गरजेपेक्षा जास्त वळतात आणि बिंदूचा ठिपका होतो. त्याचा पसारा कोनाच्या घनाप्रमाणे वाढतो. विपथनाचा गुणांक १ मिलिमीटर असलेल्या भिंगात ०.०१ रेडियनला तो १ नॅनोमीटर असतो, आणि शलाका सगळ्यात अरुंद असते त्या जागी पडदा धरला तर त्याचा चौथा हिस्सा. कोन दुप्पट करा, विवर्तनाचा, म्हणजे तरंगलांबीमुळे येणारा, ठिपका निम्मा होतो, पण हा आठपट होतो. काचेच्या बाबतीत उलट आकाराचं भिंग जोडून दोष काढता येतो. चुंबकीय भिंगाची ती सोयच नाही. अक्षाभोवती सममित आणि स्थिर क्षेत्राचं भिंग असेल तर हा दोष शून्य करताच येत नाही, असं ओटो शेर्झर यांनी १९३६ मध्ये सिद्ध केलं.

तोवर १९३३ मध्येच रुस्का यांच्या नव्या यंत्राने प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला मागे टाकलं होतं. वर्धन १२,००० पटीपर्यंत गेलं. पाहिलेल्या नमुन्यांत कापसाचा तंतूही होता, शलाकेच्या उष्णतेने त्याचा कोळसा झाला होता. हे सांगितल्यावर त्या मुलीने टॉवेलचा दोरा हातात घेऊन पुन्हा एकदा पाहिला.

शेर्झर यांची भिंत ओलांडायला साठ वर्षं लागली. हायडर, रोझे आणि उर्बान यांनी अक्षाभोवती सममित नसलेली, सहा ध्रुवांची चुंबकं जोडून विपथन दुरुस्त केलं आणि १९९८ मध्ये २०० किलोव्होल्टच्या यंत्राचं विभेदन ०.२४ वरून ०.१४ नॅनोमीटरवर आणलं. त्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी ०.००२५ नॅनोमीटर होती. म्हणजे एवढं करूनही विभेदन तरंगलांबीच्या पन्नासपटीहून जास्तच राहिलं.

"मग सर, पेपरात काय लिहायचं?" तिचा शेवटचा प्रश्न. लाख पटच लिही, म्हटलं, प्रश्नाने NA सारखा धरायला सांगितलाय. आणि त्याच्या खाली तिने माझ्यासमोर ०.०१ घालून आठशेचं गणित करून ठेवलं.