'साल्गो': वर येतोय की बाहेर पडतोय?

"स्पॅनिश येते मला. इटालियन तिचीच बहीण, शब्द तेच. मग वेगळी कशाला शिकायची?" लातूरच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न.

शब्द तेच असतात, तिथंच तर घोळ होतो. लॅटिनमध्ये 'सालीरे' म्हणजे उडी मारणं. इटालियननं त्यातलं 'वर' धरलं, स्पॅनिशनं 'बाहेर'. शिवाय 'मी'चं वर्तमानकाळी रूप दोन्हीकडे हुबेहूब 'साल्गो'. इटालियन मित्र इमारतीखालून फोनवर 'साल्गो' म्हणाला, तर तो जिना चढतोय. स्पॅनिश कानांनी ऐकलंत तर वाटेल, आत्ता कुठं घरातून निघतोय. तुम्ही निवांत अंघोळीला जाल अन् बेल वाजेल. वाक्य दोन्ही भाषांत शुद्ध, त्यामुळे शंकाच येत नाही.

खूण पुढच्या शब्दांत सापडते. 'साल्गो दे कासा' हे स्पॅनिश, घरातून बाहेर पडतो. 'साल्गो इन त्रेनो' हे इटालियन, रेल्वेत चढतो. नुसतं 'साल्गो' आलं, तर बोलणारा कोण ते बघायचं. स्पॅनिश माणूस चढताना 'सुबो' म्हणतो, इटालियन बाहेर पडताना 'एस्को'.

आपल्याकडे काय वेगळं आहे? हिंदी बोलणाऱ्या शेजारणीनं "बच्चे की शिक्षा कैसी चल रही है?" विचारलं, की आमची आजी दचकायची, "काय केलं पोरानं?" मूळ संस्कृत शब्द एकच, शिकवण्याचा. मराठीत तो दंडाकडं सरकला.

'बुर्रो'चं मात्र तसं नाही. इटालियनमध्ये लोणी, स्पॅनिशमध्ये गाढव; दोघांची लॅटिन मुळंही वेगळी, उच्चार तेवढा योगायोगानं जुळला.