काळ्या मातीत 48 टक्के वाळू? रिपोर्टचा त्रिकोण नीट वाचूया

काटोलकडच्या संत्र्याच्या बागेतली काळी माती प्रयोगशाळेत दिली आणि रिपोर्टवर आले: वाळू 48, सिल्ट 14, क्ले 38 टक्के. पुढे पोताच्या रकान्यात ‘सँडी क्ले’, म्हणजे वाळूमिश्रित चिकण. शेतकरी म्हणतो, "उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, यात अर्धी वाळू कुठून आली?" प्रश्न रास्त आहे. आकडे चुकलेले नाहीत, गटाचे नाव मात्र चुकले आहे.

मुळात हे आकडे सहज मिळत नाहीत. मृदा आरोग्य पत्रिकेच्या 12 घटकांत पोत नाही. तो तपासायला वेगळे सांगावे लागते. शिवाय मोरंड, खरडी, बरड ही आपल्याकडची नावे जमिनीचा रंग, खोली आणि खडे पाहून पडली आहेत. त्यांवरून टक्केवारी निघत नाही. ‘पोयटा’ या शब्दानेही घोळ होतो, कारण कोणी तो सिल्टसाठी वापरतो, कोणी लोमसाठी. म्हणून इथे सिल्टला गाळ, क्लेला चिकण आणि तिन्ही मिसळलेल्या लोमला लोमच म्हणू.

आधी त्रिकोण, म्हणजे वाळू, गाळ आणि चिकण यांच्या टक्क्यांवरून पोताच्या गटाचे नाव सांगणारी आकृती. तळाच्या बाजूवर वाळू असते, डाव्या कोपऱ्यात 100 आणि उजव्या कोपऱ्यात 0. डाव्या बाजूवर चिकण खालून वर वाढते. उजव्या बाजूवर गाळ वरून खाली वाढतो. चिकणची रेघ आडवी काढायची. वाळूची रेघ तळावरच्या आकड्यापासून वर डावीकडे तिरकी जाते, उजव्या बाजूला समांतर. दोन रेघा जिथे छेदतात तो तुमचा बिंदू. गाळाची रेघ उजव्या बाजूवरून खाली डावीकडे काढली की तीही त्याच बिंदूतून गेली पाहिजे. ती चुकली तर एखादी रेघ चुकीच्या दिशेने गेली आहे किंवा बेरीज 100 होत नाही. चुनखडीच्या जमिनीत चुना वेगळ्या ओळीत लिहिलेला असला तर तिन्हींची बेरीज 91-92 च भरते. तेव्हा प्रत्येक आकड्याला त्या बेरजेने भागून 100 ने गुणावे आणि मगच त्रिकोणावर जावे.

सर्वात जास्त दिसणारी चूक म्हणजे वाळूची रेघ सरळ उभी काढणे. समजा वाळू 36 आणि चिकण 38 आहे. उभी रेघ काढली तर बिंदू वाळू 17, गाळ 45 च्या जागी पडतो आणि माती ‘सिल्टी क्ले लोम’ ठरते. तिरकी रेघ काढली तर तीच माती ‘क्ले लोम’ निघते.

आता मूळ गोष्ट. वाळू कुठे संपते आणि गाळ कुठे सुरू होतो, यावर जगात दोन मते आहेत. आपण सर्रास वापरतो तो 12 गटांचा त्रिकोण अमेरिकेच्या कृषी खात्याचा आहे. त्यात 2 ते 0.05 मिलिमीटर वाळू, 0.05 ते 0.002 गाळ आणि त्याहून बारीक ते चिकण. स्वीडनचे अटरबर्ग यांच्या मापांवर उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत वाळू 0.02 मिलिमीटरपर्यंत खाली जाते. चिकणची हद्द दोन्हींत सारखीच. म्हणजे 0.05 ते 0.02 मधले कण एका पद्धतीत गाळ असतात आणि दुसऱ्या पद्धतीत वाळू. आपल्या अनेक प्रयोगशाळा आंतरराष्ट्रीय पिपेट पद्धतीने मोजतात आणि आकडे अमेरिकी त्रिकोणावर टाकतात. काटोलच्या रिपोर्टमध्ये हेच झाले.

हे मोजमाप घड्याळावर चालते. माती चाळतात, सेंद्रिय पदार्थ हायड्रोजन पेरॉक्साइडने जाळतात, सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटने कण सुटे करतात आणि लांब नळकांड्यात पाण्याबरोबर घुसळून ठेवतात. स्टोक्सच्या नियमाप्रमाणे कणाचा बुडण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून व्यास दहापट लहान तर वेळ शंभरपट. 20 अंश तापमानाच्या पाण्यात 10 सेंटिमीटर खाली जायला 0.05 चा कण साधारण 45 सेकंद घेतो, 0.02 चा 4 मिनिटे 38 सेकंद आणि 0.002 चा पावणेआठ तास. त्या खोलीवर त्या वेळी पिपेट बुडवली तर त्या मापापेक्षा बारीक कणच हाती लागतात. वाळूचा आकडा 45 सेकंदांनी ठरला की साडेचार मिनिटांनी, एवढाच दोन पद्धतींतला फरक. तापमानही पाहावे लागते. नागपूरच्या मे महिन्यात पाणी 30 अंशांवर असेल तर पाणी पातळ होते आणि चिकणसाठी पावणेआठऐवजी साधारण सव्वासहा तासच लागतात. हा बदल केला नाही तर नमुना उशिरा निघतो आणि चिकण कमी दिसते.

रिपोर्ट कोणत्या पद्धतीचा आहे हे ओळखायची खूण सोपी आहे. वाळूचे ‘कोर्स’ आणि ‘फाइन’ असे दोनच भाग असतील आणि फाइनपुढे 0.2 ते 0.02 लिहिले असेल, तर पद्धत आंतरराष्ट्रीय. काटोलच्या रिपोर्टमध्ये कोर्स 18 आणि फाइन 30 होते. खात्रीचा उपाय म्हणजे 0.05 च्या चाळणीने वाळू पुन्हा चाळून घेणे. ते शक्य नसेल तर अंदाज करता येतो. कणांची मापे लॉगच्या पट्टीवर मांडतात आणि त्या पट्टीवर 0.02 ते 0.05 हे अंतर 0.02 ते 0.2 या अंतराच्या साधारण 40 टक्के असते. म्हणून बारीक वाळूतला 40 टक्के भाग गाळात ढकलायचा: 30 पैकी 12. वाळू 36, गाळ 26, चिकण 38. या आकड्यांनी बिंदू क्ले लोममध्ये पडतो. कण त्या पट्टीवर एकसारखे पसरले आहेत असे यात गृहीत धरले आहे, त्यामुळे हा अंदाजच समजावा. पण ड्रिपच्या वेळापत्रकासाठी पाणी धरण्याचा तक्ता बघताना सँडी क्लेची ओळ घ्यायची की क्ले लोमची, एवढे यावरून ठरते.

चिकण 38 म्हणजे 40 च्या रेषेपासून दोनच अंश खाली. काळ्या मातीत चुना चिकणच्या कणांना चिकटवून ठेवतो, आणि ते नीट सुटले नाहीत तर ते गठ्ठे गाळ किंवा वाळू म्हणून मोजले जातात. खरी चिकण 42 असेल तर हीच माती सरळ ‘क्ले’. पडताळा हाताने घ्यावा. माती गोळा होईल इतकी भिजवून अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत पट्टी काढावी. पट्टी 5 सेंटिमीटरपर्यंत येऊन तुटली तर क्ले लोम पटते. त्याहून लांब टिकली, तर कण पुन्हा सुटे करून तपासायला सांगावे.

‘एका हंगामात भारी माती लोम होईल’ असे सांगून बाटल्या विकल्या जातात, त्यांचा हिशेब याच आकड्यांनी करावा. एकरभर जमिनीत 15 सेंटिमीटर खोलीपर्यंत साधारण 800 टन माती असते. 38 टक्के चिकण 25 वर आणायला त्यात 400 टनांहून जास्त वाळू मिसळावी लागेल, म्हणजे दहा टनी ट्रकच्या चाळीसहून अधिक खेपा. शेणखताने माती भुसभुशीत होते आणि पाणी मुरते, पण ती रचना झाली. पोताचे तीन आकडे त्याने हलत नाहीत.