ओळीतले छापे आणि गोलातले छापे

नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर दहा मित्र एका ओळीत बसले आहेत. प्रत्येकाने एकेक नाणं उडवलं. शेजारी-शेजारी बसलेल्या कोणत्याही दोघांना छापा पडला नाही, असं होण्याची शक्यता किती? थोड्या वेळाने हेच दहा जण तर्री-पोह्याच्या प्लेटा घेऊन गोल करून बसले आणि पुन्हा नाणी उडवली. आता शक्यता तेवढीच राहील का?

माणसं तीच, नाणी तीच, अटही तीच वाटते. म्हणून अनेक विद्यार्थी दोन्हीकडे एकच उत्तर लिहितात. पण गोलात एक जोडी वाढते: पहिला आणि दहावा आता शेजारी आहेत.

आधी ओळ घेऊ. एकूण निकाल २ चा दहावा घात, म्हणजे १०२४. त्यांतले चालणारे मोजायला शेवटच्या माणसाकडे पाहायचं. त्याला काटा पडला, तर आधीच्या नऊ जणांवर नवं बंधन येत नाही. त्याला छापा पडला, तर नवव्याला काटाच हवा आणि पहिले आठ मोकळे राहतात. म्हणून दहा जणांचं उत्तर म्हणजे नऊ जणांचं अधिक आठ जणांचं. एका माणसासाठी २ प्रकार, दोघांसाठी ३. पुढे बेरीज करत गेलं की ५, ८, १३, २१, ३४, ५५, ८९ आणि दहा जणांसाठी १४४. हे फिबोनाची अंक आहेत. शक्यता १४४/१०२४, म्हणजे सुमारे १४.१ टक्के.

फिबोनाची इथे कुठून आला, हे आपल्या छंदशास्त्रातून फार सुंदर दिसतं. ओळीच्या शेवटी एक जास्तीचा काटा जोडा. आता प्रत्येक छाप्यामागोमाग काटा येतोच. ‘छापा-काटा’ या जोडीला गुरू म्हणा, दोन मात्रांचा. सुट्या काट्याला लघू म्हणा, एका मात्रेचा. म्हणजे दहा नाण्यांची प्रत्येक चालणारी ओळ ही अकरा मात्रांची एक लघू-गुरू रचना झाली. अशा रचना किती, हे मोजताना छंदशास्त्रकार विरहांकाने आणि बाराव्या शतकात हेमचंद्राने हाच नियम सांगितला: मागच्या दोन संख्यांची बेरीज. फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ सालचा, म्हणजे त्यानंतरचा.

आता गोल. इथे ‘शेवटचा माणूस काढून टाका’ ही युक्ती जशीच्या तशी चालत नाही. गोलातून कुणाला उठवलं की त्याचे दोन शेजारी एकमेकांना चिकटतात आणि नसलेलं बंधन तयार होतं. त्यामुळे एका माणसापाशी गोल तोडून त्याची ओळ करायची. त्याला काटा पडला, तर उरलेले नऊ जण साधी ओळ आहेत: ८९ प्रकार. छापा पडला, तर दोन्ही बाजूंना काटा ठरलेला आणि उरलेल्या सात जणांची ओळ: ३४ प्रकार. बेरीज १२३. शक्यता सुमारे १२ टक्के.

१२३ हा फिबोनाची अंक नाही. तो ल्यूका मालिकेतला आहे: १, ३, ४, ७, ११, १८, २९, ४७, ७६, १२३. फ्रेंच गणिती एदुआर ल्यूका यांच्या नावाची ही मालिका. बेरजेचा नियम तोच, फक्त सुरुवात वेगळी.

१४४ आणि १२३ मधला २१ चा फरकही तपासता येतो. ओळीत चालणारे पण गोलात बाद होणारे निकाल म्हणजे पहिल्याला आणि दहाव्याला दोघांनाही छापा. मग दुसरा आणि नववा काटा, आणि मधले सहा मोकळे: २१.

मला यातला सगळ्यात मोलाचा भाग पुढचा वाटतो. दोन नाण्यांवर छापा-छापा पडण्याची शक्यता एक चतुर्थांश असते, म्हणून एक जोडी वाढली की २५ टक्के निकाल बाद व्हावेत, असं मनात येतं. पण १४४ पैकी २१ म्हणजे फक्त १४.६ टक्के बाद झाले. कारण ओळीची अट पाळलेल्या निकालांत छापे आधीच विरळ झालेले असतात. पहिल्याला छापा असलेले निकाल १४४ पैकी ५५, म्हणजे निम्मे नाहीत, सुमारे ३८ टक्केच. प्रत्येक जोडीला ३/४ धरून गुणाकार करणाऱ्यांचीही हीच गफलत होते. तीन जणांच्या ओळीत तो गुणाकार ९/१६ देतो, खरं उत्तर ५/८ आहे. दहा जणांवर तर तो १४.१ ऐवजी ७.५ टक्क्यांवर येतो.

माणसं वाढवली तरी ओळ आणि गोल यांची उत्तरं जुळत नाहीत. दोन्ही शक्यता शून्याकडे जातात, पण गोलाची शक्यता ओळीच्या सुमारे ८५.४ टक्क्यांवर स्थिर राहते.

नाणं असमतोल असेल, तर नुसते प्रकार मोजून भागत नाही, कारण सगळे निकाल सारख्या शक्यतेचे नसतात. ‘काटा पडला तर’ आणि ‘छापा पडला तर’ या दोन फांद्या मात्र त्याच राहतात. ओळीत काट्याच्या फांदीला काट्याच्या शक्यतेने गुणायचं, छाप्याच्या फांदीला छापा आणि काटा या दोन्हींच्या शक्यतांनी, आणि मग बेरीज करायची.