पॉवरचं बटण तेवढं का रुसतं?

रिमोटनं टीव्हीचा आवाज कमी-जास्त होतो, चॅनेलही बदलतात. पॉवरचं बटण मात्र चारदा दाबलं तरी टीव्ही ढिम्म. बटण गेलं असं वाटतं, पण बऱ्याचदा ते ठणठणीत असतं. एकाच रिमोटमधून दोन वेगळ्या वाटांनी संदेश जात असतात, त्यातली एक अडलेली असते.

साधा रिमोट इन्फ्रारेड प्रकाशावर चालतो. टोकाशी असलेला एलईडी साधारण ९४० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा चालू-बंद करतो. टीव्हीतला रिसीव्हर याच लयीचा प्रकाश वेचतो आणि दिव्यांचा उजेड बाजूला टाकतो. पण शेवटी तो प्रकाशच. आड काही आलं की थांबतो. ब्लूटूथ रिमोट २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी वापरतो, त्याला नेम धरावा लागत नाही. मात्र अशा बऱ्याच रिमोटमध्येही पॉवरचं बटण इन्फ्रारेडवरच ठेवलेलं असतं.

म्हणून फक्त पॉवर अडत असेल, तर आधी टीव्हीच्या खालच्या कडेला असलेली काळसर खिडकी पाहावी. तिच्यासमोर साउंडबार उभा असतो, नाहीतर काही चिकटलेलं असतं. रिमोट डोक्याच्या वर धरून बटण दाबावं. टीव्ही लगेच चालू झाला, तर साउंडबार खाली किंवा बाजूला सरकवला की काम झालं.

सगळीच बटणं कधी चालतात, कधी नाही, असं असेल तर मोबाइलचा सेल्फी कॅमेरा एलईडीसमोर धरावा. बटण दाबताच बऱ्याच फोनच्या पडद्यावर जांभळट लुकलुक दिसते. रिमोट इन्फ्रारेडचा असूनही ती मंद किंवा तुटक असेल, तर सेलचा कप्पा उघडावा.

इथं एक फसवी गोष्ट घडते. मीटरवर सेल चांगले दिसतात, तरी रिमोट चालत नाही. बटण दाबल्याच्या क्षणी एलईडीला १०० मिलिअँपिअर किंवा त्याहून जास्त प्रवाह लागू शकतो. स्प्रिंगवरच्या पांढऱ्या थरानं ५ ओहमचा अडथळा आणला, तर ३ व्होल्टपैकी अर्धा व्होल्ट तिथंच खर्ची पडतो. सेल बाहेर काढून मीटर लावला की हा तोटा दिसतच नाही. नवे सेल घातल्यावर रिमोट थोडे दिवस सुधारतो, त्यात कधी कधी खरं काम सेल घालताना स्प्रिंग घासली जाण्याचं असतं. कप्प्यातच सेल बोटानं गोल फिरवून पाहा. तेवढ्यानं रिमोट चालू लागला तर दोष संपर्कात आहे.

अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड गळतं आणि हवेत त्याचा पांढरा कार्बोनेट होतो. तो हातानं खरवडू नये, त्वचेला झोंबतो. सेल काढून, कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसावं, किंचित फसफसेल. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून पूर्ण वाळू द्यावं. स्प्रिंगचा मुलामाच उडाला असेल तर गंज पुन्हा धरतो, आणि गळती आतल्या सर्किटच्या पट्ट्यांपर्यंत पोचली असेल तर पुसून उपयोग नसतो.